निबंध लिहून होण्याआधी

आठवीच्या वर्गात ‘आमच्या गावचा बाजार’ हा विषय दिला आहे आणि एका मुलीने पुढीलप्रमाणे लिहिले आहे, असे समजू.

‘आमच्या गावात दर मंगळवारी बाजार भरतो. बाजारात खूप गर्दी असते. भाजीवाले, फळवाले आणी कपडेवाले येतात. लहान मुले खेळणी मागतात. पाय ठेवायला जागा नसते, परंतू सगळे आनंदात असतात. मी आईबरोबर कोथिंबीर विकायला बसते. संध्याकाळी सगळे घरी जातात. अशा प्रकारे बाजार म्हणजे गावाची शोभा आहे.’

वही तपासायला जाते. ‘आणी’ला लाल गोल, ‘परंतू’ला लाल गोल, खाली दहापैकी सहा गुण आणि शेरा: ‘ठीक. आणखी मुद्दे हवेत. शुद्धलेखनाकडे लक्ष दे.’ आठवड्याने वही परत मिळते. मुलगी आधी स्वतःचे गुण बघते, मग शेजारणीचे बघते आणि पान उलटते. फळ्यावर ‘वृक्ष आपले मित्र’ हा नवा विषय आलेला असतो. आणखी मुद्दे म्हणजे नेमके कोणते, हे विचारायची सोय नाही आणि विचारून उपयोगही नाही, कारण बाजाराचा निबंध तिच्या लेखी संपलेला आहे.

साठ मुलांच्या वर्गाचे एवढे काम करायला बाईंना दर वहीला पाच मिनिटे धरली तरी पाच तास लागले. ते बहुधा घरी, रात्री जेवणे आटोपल्यावर. त्यांची मेहनत खरी आहे. पण ती अशा वेळी पोचते की मुलीला तिचे काही करता येत नाही.

डोनाल्ड मरे या अमेरिकन पत्रकार-शिक्षकाचा रोख नेमका इथे होता. बोस्टनच्या एका वर्तमानपत्रातल्या अग्रलेखांसाठी त्यांना १९५४ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. पुढे ते न्यू हॅम्पशायर विद्यापीठात लेखन शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी एक छोटा लेख लिहिला. त्यातले म्हणणे असे होते की भाषेच्या शिक्षकांचे स्वतःचे शिक्षण तयार साहित्य वाचून, त्याची चिकित्सा करून झालेले असते, म्हणून ते मुलांच्या लेखनाचीही तीच चिकित्सा करत बसतात. याला त्यांनी शवविच्छेदन म्हटले. ते कितीही काळजीपूर्वक केले तरी त्यातून जिवंत लेखन जन्माला येत नाही. लिहिणाऱ्याचा सुमारे ८५ टक्के वेळ पहिला खर्डा लिहिण्याआधीच, विषय शोधण्यात आणि मनात घोळवण्यात जातो, असा त्यांचा अंदाज होता. उरलेल्यातला मोठा भाग पुन्हा लिहिण्यात जातो. म्हणजे शाळेत आपण ज्याला ‘निबंध लिहिणे’ म्हणतो, ते त्या सगळ्यातले जेमतेम टक्काभर काम.

मरे यांच्याच विद्यापीठातले डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांनी हा विचार प्राथमिक शाळेत नेला. १९७८ ते १९८० या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू हॅम्पशायरमधल्या ॲटकिन्सन या गावच्या शाळेत बसून मुले लिहितात कशी, हे पाहिले. नुसत्या वह्या पाहिल्या नाहीत. मूल कुठे थांबते, काय खोडते, मध्येच शेजारच्याला काय सांगते, हे टिपले. शिक्षिका खर्ड्यावर मुलाशी थोडा वेळ बोलली तर पुढच्या खर्ड्यात काय फरक पडतो, हेही पाहिले. या कामावरचे ग्रेव्ह्ज यांचे पुस्तक १९८३ साली आले आणि या छोट्या चर्चेला अमेरिकेतल्या वर्गांत स्वतःची जागा मिळाली.

आता तीच चर्चा आपल्या मुलीच्या पहिल्या खर्ड्यावर करून पाहू. वही अजून तपासलेली नाही. वर्ग लिहितो आहे आणि बाई बाकाशेजारी येऊन बसल्या आहेत.

“वाचून दाखव बघू.”

मुलगी वाचते.

“तू कोथिंबीर विकायला बसतेस? कशी विकता?”

“सकाळी दहाला एक जुडी. दुपारी ऊन झालं की ती मलूल पडते, मग आई दहाला दोन म्हणते. संध्याकाळी तर गिऱ्हाईकच भाव सांगतं.”

“मलूल पडू नये म्हणून काही करता का?”

“ओलं गोणपाट घालतो वरून. मी हापशावरून पाणी आणते. पण जास्त पाणी मारलं की जुडी आतून कुजते, मग आई ओरडते.”

“हे निबंधात कुठंय?”

“ते काय लिहायचं बाई? ते तर रोजचंच आहे.”

“मला नव्हतं माहीत. वाचणाऱ्यालाही नसेल. मग आता काय करशील?”

“कोथिंबिरीचं लिहिते.”

एवढेच. तीन-चार मिनिटांत बाई पुढच्या बाकाकडे गेल्या. या संवादात काय नाही, ते पाहण्यासारखे आहे. बाईंनी ‘आणी’ हा शब्द पाहिला असणार, पण त्यावर त्या बोलल्या नाहीत. वही मुलीच्याच हातात राहिली आणि पेनही. बाईंनी एकही वाक्य सुचवले नाही. त्यांनी निबंधातली एकच गोष्ट धरली, जी फक्त याच मुलीला माहीत होती. तिला पुढे काय करायचे, हेही तिच्याच तोंडून वदवून घेतले. चर्चा संपताना मुलाला पुढचे पाऊल सांगता आले नाही, तर बाईच जास्त बोलल्या असे समजावे.

‘आणखी मुद्दे हवेत’ या शेऱ्यात आणि या प्रश्नांत फरक आहे तो इतका. शेरा कुठल्याही वहीवर लिहिता येतो. नॅन्सी सॉमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतल्या ३५ शिक्षकांचे शेरे तपासले तेव्हा त्यांना हेच दिसले. १९८२ साली त्यांनी लिहिले की बहुतेक शेरे एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवले तरी चालतील असे होते. शिवाय एकाच परिच्छेदावर दोन उलट सूचना असत. हे वाक्य दुरुस्त कर, असे एका बाजूला आणि या मुद्द्याचा पुन्हा विचार कर, असे दुसऱ्या बाजूला. विचार बदलला तर ते वाक्य राहणारच नाही. मग विद्यार्थी काय करतो? सोपे असते ते करतो. वाक्य दुरुस्त करतो आणि विचार तसाच ठेवतो.

मुलीचा दुसरा खर्डा असा होतो.

‘मंगळवारी सकाळी आमची कोथिंबीर दहा रुपयांना एक जुडी जाते. तेव्हा पाने ताठ असतात. दुपारी ऊन चढले की ती माना टाकते. मग आई दहाला दोन म्हणते. मी हापशावरून पाणी आणून गोणपाट भिजवते. जास्त पाणी झाले तर जुडी आतून कुजते. संध्याकाळी भाव आम्ही सांगत नाही, गिऱ्हाईक सांगते. आमच्या गावात दर मंगळवारी बाजार भरतो. बाजारात खूप गर्दी असते. भाजीवाले, फळवाले आणी कपडेवाले येतात…’

पहिली सात वाक्ये वाचून कुणालाही आनंद होईल. पण पुढे जुना निबंध जसाच्या तसा मागे लागलेला आहे. हा दुसऱ्या खर्ड्याचा नेहमीचा दोष. मूल नवे जोडते, जुने काढत नाही. आपल्याकडे तर मुलांनी लहानपणापासून हेच पाहिलेले असते की पान भरले की गुण मिळतात. लिहिलेले खोडणे म्हणजे त्यांना कमावलेले टाकून दिल्यासारखे वाटते. सॉमर्स यांच्याच १९८० सालच्या एका अभ्यासात विद्यापीठात नव्याने आलेले २० विद्यार्थी होते आणि पत्रकार, संपादक, प्राध्यापक असे २० अनुभवी लेखकही होते. प्रत्येकाने तीन लेख लिहिले आणि प्रत्येक लेख दोनदा पुन्हा लिहिला. विद्यार्थ्यांच्या मते पुनर्लेखन म्हणजे चांगला शब्द शोधणे. ते शब्द बदलत आणि वाक्ये घासूनपुसून घेत. अनुभवी लेखक मात्र आपल्याला नक्की काय म्हणायचे आहे, तेच पुन्हा लिहिताना शोधत होते आणि वाचणाऱ्याला ते कसे दिसेल, हे पाहत होते. त्यासाठी ते परिच्छेदच्या परिच्छेद गाळत किंवा हलवत.

इथे बाईंपेक्षा शेजारची मैत्रीण जास्त उपयोगी पडते. वाचणारा गोंधळला कुठे, हे तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसते. मात्र ‘कसं वाटलं?’ असे विचारले तर ती ‘छान’ म्हणते आणि विषय संपतो. म्हणून जोडीतल्या वाचकाला काम नेमून द्यावे लागते: ऐकून झाल्यावर तुला काय कळले ते सांग आणि न कळलेले एक विचार. मैत्रीण म्हणते, “कोथिंबिरीचं कळलं. पण मग खेळणीवाला मध्येच कशाला आला? आणि उरलेल्या जुड्यांचं काय करता?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निबंधात नव्हतेच. तिसऱ्या खर्ड्यात कपडेवाले आणि खेळणी गेली. कोथिंबीर कुणाची, कोण विकते, हे सुरुवातीलाच आले, कारण ते कळल्याशिवाय भाव कळून उपयोग नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उतरत जाणारा भाव हा निबंधाचा धागा झाला. शेवट असा झाला: ‘उरलेल्या चार जुड्या आई शेजारच्या वांगीवालीला देते आणि तिच्याकडून रात्रीच्या भाजीपुरती वांगी घेते. त्या वेळी पैशाचे कुणी बोलत नाही.’ गावाची शोभा निघून गेली. ती काढ असे कुणी सांगितले नव्हते. वांगीवाली आल्यावर त्या वाक्याला जागाच उरली नाही.

आता शुद्धलेखन. ही पायरी नाहीशी होत नाही, फक्त शेवटी जाते. पहिल्या खर्ड्यातली ‘फळवाले आणी कपडेवाले’ या वाक्यातली चूक सुधारण्यात बाईंची जी शाई गेली असती ती वाया गेली असती, कारण ते वाक्यच आता निबंधात नाही. शिवाय चुका पाहण्याची एक वेगळी रीतही या चळवळीच्या काळातच पुढे आली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० साली शहरातल्या शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या सर्वांना प्रवेश खुला केला, तेव्हा ज्यांनी शाळेत फारसे लिहिलेलेच नव्हते अशी मुले वर्गात आली. मिना शॉनेसी यांनी अशा सुमारे ४००० निबंधांचा अभ्यास करून १९७७ साली पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष असा की बहुतेक चुका निष्काळजीपणाने होत नाहीत. त्यांच्यामागे मुलाने मनाशी बांधलेला एखादा नियम असतो आणि तो शोधून काढला की चूक सुधारणे सोपे जाते.

आपल्या ‘आणी’कडे तसे पाहा. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात. पाणी, जुडी, वाटी, लिंबू. मुलीने तो नियम बरोबर लावला आहे. ‘आणि’ आणि ‘नि’ हे त्याला अपवाद आहेत. ‘परंतु’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले अव्यय असल्याने तेही ऱ्हस्व. लाल गोलाने तिला कळते ते एवढेच की आपले काहीतरी चुकले. कदाचित ती उद्या ‘पाणि’ लिहू लागेल. तिची वही समोर ठेवून ‘तुझा नियम बरोबर आहे, हे त्याचे अपवाद’ असे सांगायला एक मिनिट लागते. तेही शेवटच्या खर्ड्यावर, जेव्हा आपले लेखन इतरांनी वाचावे असे तिला स्वतःलाच वाटत असते.

या पद्धतीवरची सगळ्यात मोलाची टीका मला वाटते ती इथेच येते. लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षिका-संशोधिकेने १९८६ साली लिहिले की लेखनप्रक्रियेचे वर्ग मुलांना मोकळे बोलू देतात, पण प्रमाण भाषेचे नियम उघडपणे शिकवायला बिचकतात. ज्यांच्या घरी ते नियम बोलण्यातूनच मिळतात त्या मुलांचे काही बिघडत नाही. ज्यांच्या घरी मिळत नाहीत, त्यांना शाळेशिवाय ते कोण देणार? आपल्याकडे ‘पानी’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी घरातल्या किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला हे तंतोतंत लागू पडते. पहिल्या खर्ड्यात त्याने ‘पानी’ लिहिले तर लिहू द्यावे, नाहीतर तो सांगायचे ते सांगणारच नाही. शेवटच्या खर्ड्यात मात्र परीक्षेत आणि अर्जात ‘पाणी’ लिहायचे असते, हे त्याला स्पष्ट सांगायला हवे. घरचा शब्द चुकीचा आहे असे न म्हणता ते सांगता येते.

संशोधनाचा कौलही याच दिशेने जातो. २००७ साली स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावरचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले. नुसत्या प्रक्रिया-पद्धतीचा फायदा दिसला, पण तो माफक होता. आराखडा कसा करायचा, खर्डा कसा तपासायचा, या युक्त्या पायरीपायरीने उघडपणे शिकवल्या तेव्हा परिणाम जवळजवळ अडीच पट होता. आणखी एक गोष्ट दिसली. शिक्षकांना या पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण मिळाले होते तिथे फायदा चांगला होता आणि नसेल तिथे तो बहुतांशी नगण्य होता.

याचे कारण ओळखणे अवघड नाही. प्रशिक्षण नसले की पद्धतीचे वेळापत्रक होते. सोमवारी मुद्दे, मंगळवारी कच्चे, बुधवारी चर्चा, गुरुवारी पक्के. सगळ्या वर्गाने, सगळ्या निबंधांसाठी. मूल मग मंगळवारचा मजकूर गुरुवारी चांगल्या अक्षरात उतरवून काढते. हे होते आहे का, ते पाहायची सोपी खूण आहे. दोन खर्डे शेजारी ठेवावेत. फक्त अक्षर आणि शुद्धलेखन बदललेले असेल तर पुनर्लेखन झालेले नाही. काही गळले असेल, काही हलले असेल, नवे काही शिरले असेल तर झाले आहे. उलटा धोकाही आहे. दहा मुलांच्या दुसऱ्या खर्ड्यांत एकसारखी सफाईदार वाक्ये दिसू लागली, तर ती वाक्ये चर्चेत बाईंच्या तोंडून आलेली असतात.

राहिला वेळेचा प्रश्न आणि तो खोटा नाही. ३५ मिनिटांच्या तासात मुले वीस मिनिटे लिहितात असे धरले, तर चार मिनिटांच्या पाच चर्चा होतात. साठ मुलांना बारा तास. आठवड्याला लेखनाचे दोनच तास मिळत असतील तर एक फेरी पुरी व्हायला दीड महिना. एवढ्या वेळात पहिल्या मुलाचा निबंध शिळा होतो. म्हणून प्रत्येक खर्ड्यावर प्रत्येकाशी बोलायचा हट्ट सोडावा लागतो. एकाच ठिकाणी अडलेल्या चार-पाच जणांना एकत्र बसवता येते. बाजाराच्या निबंधात निम्म्या वर्गाने ‘खूप गर्दी असते’ असे लिहिले असेल, तर त्यातला एक खर्डा, त्या मुलाच्या परवानगीने, फळ्यावर घेऊन दहा मिनिटांत सगळ्यांशी बोलता येते. आणि सगळेच खर्डे पक्के करायचे नसतात. मुलांनी चार विषयांवर कच्चे लिहावे आणि त्यातला एक स्वतः निवडून शेवटपर्यंत न्यावा. बाकीचे तीन वहीत तसेच राहतात, त्यांवर लाल शाई पडत नाही. हे पालकांना आणि मुख्याध्यापकांना आधी समजावून सांगावे लागते, कारण न तपासलेली वही म्हणजे काम न केलेली शिक्षिका, असा आपल्याकडे समज आहे. तपासणीचे जे पाच तास घरी जात होते त्यातले बरेचसे असे वाचतात. शिवाय पक्का झालेला निबंध बाईंच्या परिचयाचा असतो, त्यावर गुण द्यायला फार वेळ लागत नाही.

गुण द्यायचे ते मात्र त्या शेवटच्या निबंधालाच. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना कामावर फक्त गुण मिळाले, काहींना फक्त शेरा आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली ती फक्त शेरा मिळालेल्यांची. दोन्ही मिळालेल्यांनाही शेऱ्याचा तसा लाभ झाला नाही. कच्च्या खर्ड्यावर सहा हा आकडा लिहिला की तो पक्काच ठरतो आणि खालचे वाक्य कुणी वाचत नाही.

दहावीच्या परीक्षेत तीन खर्ड्यांना वेळ नसतो, हे खरे आहे. तिथे एकच उत्तरपत्रिका आणि घड्याळ. पण वर्षभर खर्डे करणाऱ्या मुलाला ‘यातले मलाच ठाऊक असलेले काय?’ आणि ‘खेळणीवाला इथे कशाला?’ हे प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागलेली असते. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने पाच मिनिटे मुद्दे मांडायचे आणि त्यातले दोन लिहिण्याआधीच काटायचे, हे त्याला कुणी वेगळे शिकवावे लागत नाही.